मावसभावाला उसने पैसे: किती बुडाले तर चालतील हे आधी, कागद नंतर

मे 2023 मधला एक रविवार. माझा मावसभाऊ सकाळी नऊला घरी आला, हातात मावशीने पाठवलेली आंब्यांची पिशवी. आंबे ओट्यावर ठेवले, चहा झाला आणि मग मूळ मुद्दा निघाला. "दादा, पाच लाख लागतील. घरमालकाने जागा रिकामी करायला सांगितलंय. घणसोलीत वन आरके बघितलंय, हेवी डिपॉझिटवर. भाडं शून्य. आणि पैसे कुठे जात नाहीत रे, डिपॉझिटच आहे, अकरा महिन्यांनी परत."

मी महाप्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. दुसऱ्यांच्या येण्या-देण्याच्या नोंदी रोज ठेवतो, पण घरातल्या माणसाने मागितल्यावर माझ्याही तोंडून "बघू या, करू काहीतरी" असंच निघालं. यातला "करू" चुकलाच. पहिल्या भेटीत आकडाही बोलू नये आणि होकारही देऊ नये. "आठ दिवस दे, हिच्याशी बोलून सांगतो" एवढंच म्हणावं. त्या आठ दिवसांत काय करायचं, ते आमच्याच उदाहरणावरून सांगतो.

"डिपॉझिट आहे, परत मिळणारच"

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: ठाणे-नवी मुंबईत भाडेकरू मालकाला एकरकमी मोठी रक्कम देतो, त्या बदल्यात भाडं अगदी कमी असतं किंवा नसतंच. करार संपला की रक्कम परत. ऐकायला बिनधोक वाटतं, आणि नातेवाईक त्यासाठी पैसे मागतो तेव्हा तो खोटंही बोलत नसतो. अडचण वेगळीच आहे. अकरा महिन्यांनी मालकाने डिपॉझिट परत दिलं तरी भाऊ रस्त्यावर राहणार नाही. त्याला पुढचं घर लागेल आणि तिथेही डिपॉझिट लागेल. पैसा या मालकाच्या हातातून त्या मालकाच्या हातात जातो. तुमच्यापर्यंत येण्याची वाट त्यात कुठेच नसते. "डिपॉझिट सुटलं की देतो" या वाक्यावर पैसे दिले, तर ते किमान पाच-सहा वर्षं अडकले असं धरून चाला.

दुसरं, मालकाकडून परतावा मिळण्याची खात्री कागदावर किती आहे तेही बघा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. त्याची स्टॅम्प ड्यूटी काढताना भाड्याबरोबर डिपॉझिटचाही हिशोब धरला जातो, म्हणून काही मालक करारात डिपॉझिट कमी दाखवतात आणि उरलेलं रोख मागतात. भावाचे स्वतःचे दीड आणि माझ्याकडे मागितलेले पाच, असं डिपॉझिट साडेसहा लाखांचं होतं, आणि त्यापैकी करारात फक्त एक लाख दाखवायचं घणसोलीच्या मालकाने ठरवलं होतं. उद्या मालकाने हात वर केले तर साडेपाच लाखांचा पुरावा काय? म्हणजे माझे पैसे बुडण्याच्या दोन वाटा होत्या, एक भावाकडून आणि एक त्या मालकाकडून. दुसरी वाट मी आधी बंद करायला लावली: डिपॉझिटची पूर्ण रक्कम करारात लिहायची आणि ती बँकेतूनच द्यायची. ते होणार नसेल तर मी त्यात नाही, हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगितलं.

आकडा कसा काढला

भावाला पाच लाख हवे होते. पण त्याला किती हवेत, तिथून सुरुवात केली की आकडा नेहमी मोठाच निघतो. उलट बाजूने सुरुवात करा: परत आलेच नाहीत तर माझ्या घराला किती रकमेचा धक्का सोसेल? हा हिशोब नवरा-बायकोने मिळून, कागदावर करायचा. आमचा असा झाला.

बँकेतली शिल्लक आणि मुदत ठेवी मिळून ₹9,10,000 होते. पीएफ आणि पीपीएफ यात धरलं नाही. त्याला हात लावायचा नाही हे आमचं आधीच ठरलेलं. यातून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढला. घराचा हप्ता, किराणा, आईची औषधं, मुलीचा क्लास, सोसायटीचा मेंटेनन्स असं सगळं धरून महिन्याला ₹72,000, म्हणजे सहा महिन्यांचे ₹4,32,000. मग पुढच्या दीड वर्षात नक्की येणारे खर्च: मुलीच्या प्रवेशाचे ₹1,60,000, आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे ₹50,000 आणि इमारतीच्या दुरुस्तीसाठी सोसायटीने मागितलेले ₹60,000. हे झाले ₹2,70,000. वजाबाकी केल्यावर उरले ₹2,08,000.

ही कमाल मर्यादा झाली. सगळी द्यायची नसते, कारण मागणारा नातेवाईक एकच नसतो. आमच्याकडे हिच्या बाजूलाही दोन घरं आहेत जिथून उद्या फोन येऊ शकतो. त्यांना "सगळे माझ्या मावसभावाला दिले" असं सांगायची पाळी बायकोवर आणायची नव्हती. म्हणून दीड लाखावर थांबलो.

वजाबाकीनंतर मी स्वतःला एक प्रश्न विचारला आणि आकडा खरा की खोटा ते त्यानेच ठरलं. समजा यातला एक रुपयाही आला नाही, तर पुढच्या गणपतीत मावशीकडे जाऊन मला नीट जेवता येईल का? दोन लाखांना मन कचरलं. दीड लाखाला म्हणालं, चरफडत का होईना, जेवशील. ही रक्कम मी मनातल्या मनात त्याच दिवशी खर्ची टाकली. मुलीच्या फीचा हिशोब करताना ते दीड लाख परत येतील असं पुढे कधीही धरलं नाही. ही शिस्त पाळली नाही, तर वरची सगळी वजाबाकी वाया.

अर्धवट रक्कम देऊन समोरच्याचं काम होत नसेल, तर तीही देऊ नये, हे ओघाने सांगतो. पाच लाखांची अडचण असताना दीड लाख दिले तर तो उरलेले साडेतीन लाख कुठल्यातरी ॲपवरून उचलणार आणि मग पहिले हप्ते त्या ॲपचे जाणार. म्हणून मी भावाला घेऊन मालकाकडे गेलो. भावाकडे स्वतःचे दीड लाख होते, माझे दीड, असे तीन लाख डिपॉझिट आणि महिन्याला ₹5,000 भाडं, यावर मालक तयार झाला. शून्य भाड्याचा मोह सोडला की माझ्याकडून लागणारी रक्कम साडेतीन लाखांनी उतरली.

दोन मागण्या ज्या नाकारल्या

आठवड्याच्या मधोमध मावशीचा फोन आला. "अरे, तुला बँक लगेच देते. तुझ्या नावावर पर्सनल लोन काढ, हप्ता हा भरेल. तुला काय तोशीस?" मावशीच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण बँकेच्या लेखी कर्ज घेणारा मी. त्याने एक हप्ता चुकवला की डाग माझ्या सिबिलवर आणि वसुलीचा फोन मला. मोठा फरक असा की स्वतःचे साठवलेले पैसे दिले तर जास्तीत जास्त तेवढेच बुडतात. कर्ज काढून दिले तर मुद्दल बुडतंच, वर कित्येक वर्षं व्याजासकट हप्ताही फेडावा लागतो. दीड लाखाचा धक्का सोसेल म्हणताना मी हा दुसरा धक्का धरलेलाच नव्हता.

मग "निदान जामीन तरी राहा" असं आलं. जामीनदार म्हणजे नुसती ओळख पटवणारा, असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदारामागे लागावं आणि नंतर जामीनदाराकडे यावं, असं बंधन नाही. पाच लाखांच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे पाच लाख बुडवायची तयारी ठेवणं. माझी तयारी दीडाची होती. मावशीला मी एवढंच म्हणालो, "मावशी, मी जे देतोय ते माझ्या हातातलं देतोय. बँकेचं नको." ती दोन दिवस नाराज होती. चालायचंच.

हप्ता त्याच्या खिशावरून

परतफेडीची मुदत बहुतेक वेळा भावनेच्या भरात ठरते. भाऊ म्हणाला, "दादा, वर्षात देतो." वर्षात म्हणजे महिन्याला ₹12,500. रबाळ्याला स्टोअरकीपरची नोकरी, हातात ₹34,000 पगार. मी विचारलं, आत्ता भाडं किती भरतोस? ₹12,000. नव्या जागेत ₹5,000. म्हणजे पोटाला चिमटा न घेता त्याच्या खिशातून महिन्याला ₹7,000 मोकळे होणार होते. हप्ता त्याच्या आत बसवला: ₹6,000 चे 25 हप्ते, बरोबर दीड लाख. पैसे 12 जून 2023 ला दिले, पहिला हप्ता 10 ऑगस्टला. मध्ये एक महिना सोडला, कारण सामान हलवणं, गॅसची जोडणी, मुलाची शाळा यात पहिला महिना जातोच. पगार 7 तारखेला होतो म्हणून 10 तारीख.

चालू असलेले बाकीचे हप्ते विचारायला लाजू नका. बँक स्टेटमेंट दाखव म्हणणं नात्यात जड जातं, पण "महिन्याला आणखी कुठे कुठे कापले जातात?" एवढं विचारता येतं. भावाचा मोबाइलचा एक हप्ता निघाला, ₹1,400 चा. उत्तर देताना माणूस घुटमळला, किंवा दर वेळी आकडा बदलला, तर मी रक्कम आणखी खाली आणली असती.

व्याज घेतलं नाही. घ्यायचं असेल तर घ्या, पण ते तुमचं उत्पन्न धरलं जातं आणि विवरणपत्रात दाखवावं लागतं. भाऊबंदांत एकदा कधीतरी दिलेलं उसनं म्हणजे सावकारी नव्हे. पण गल्लीतल्या चार-पाच जणांना व्याजाने पैसे फिरवायला लागलात तर तो धंदा ठरतो, आणि महाराष्ट्रात विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.

पैसे बँकेतून, जातानाही आणि येतानाही

उसने पैसे ₹20,000 किंवा त्याहून जास्त असतील तर आयकर कायद्यानुसार ते रोख घेता येत नाहीत. नातेवाईक असले तरीही. लोकांच्या लक्षात न येणारा भाग परतफेडीचा आहे. बाकी रक्कम ₹20,000 किंवा जास्त असेल तोवर परतफेडही रोखीत करता येत नाही, मग हप्ता ₹6,000 चाच का असेना. दंड त्या रकमेइतका होऊ शकतो, आणि तो रोख घेणाऱ्याला आणि रोख फेडणाऱ्याला होतो, म्हणजे दोन्ही वेळा तुमच्या भावालाच. "दादा, हे सहा हजार घे, हातात आहेत तोवर" असं तो दिवाळीत म्हणाला तेव्हा मी त्याला आधी खात्यात भर आणि मग पाठव म्हणालो. ऐकणाऱ्याला खडूसपणा वाटतो. पण रोखीच्या हप्त्याचा दुसरा तोटा घरगुतीच आहे. दोन वर्षांनी त्याला वाटतं आपण आठ हप्ते दिले, आपल्याला आठवतात सात. दोघंही खरं बोलत असतात.

पैसे मी भावाच्या खात्यात एनईएफटीने पाठवले आणि शेऱ्याच्या रकान्यात `HAND LOAN` लिहिलं. पैसे थेट मालकाच्या खात्यात टाकायचा मोह होतो, कारण मग ते डिपॉझिटलाच जातील याची खात्री वाटते. पण तसं केलं तर बँकेच्या नोंदीत तुमचा आणि मालकाचा व्यवहार दिसतो, भावाचं नाव कुठेच नसतं. तसंच करायचं असेल तर "माझ्या सांगण्यावरून ही रक्कम मालकाला दिली, ती माझ्यावर कर्ज आहे" असं भावाकडून लिहून घ्या.

कागद

लेखी करू म्हटल्यावर भावाचा चेहरा उतरला. "दादा, विश्वास नाही का?" मी म्हणालो, "विश्वास आहे म्हणून देतोय. लिहायचं ते उद्या मी नसलो तर वहिनीने तुझ्याकडे काय मागायचं आणि तू तिला काय द्यायचं, हे दोघांना कळावं म्हणून." यात बनाव नव्हता. देणारा गेला तर येणं त्याच्या वारसांचं होतं. घेणारा गेला तर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतं ते त्याच्या वारसांकडून घेता येतं. कागद नसला तर दोन्ही घरांत फक्त गैरसमज उरतात.

कागदाचे दोन प्रकार लोक वापरतात आणि त्यांची सरमिसळ करतात. एक वचनचिठ्ठी, म्हणजे प्रॉमिसरी नोट. "मागणी करताच अमुक रक्कम देईन" असं लिहून ₹1 च्या रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही. सोपी आहे, पण तिच्यात दोन खोड्या आहेत. तिकीट लावायचं राहिलं तर ती चिठ्ठी कोर्टात पुरावा म्हणून घेतली जात नाही, आणि नंतर दंड भरूनही ती चूक दुरुस्त होत नाही. शिवाय ते रुपयाचं तिकीट फक्त मागणी करताच देण्याच्या चिठ्ठीला पुरतं. त्यात तारखा आणि हप्ते घातले की मुद्रांक शुल्क बदलतं. हप्त्यांचा व्यवहार असेल तर दुसरा प्रकार बरा: स्टॅम्प पेपरवर साधा करारनामा. त्यात मुद्रांक कमी पडला तरी दंडासकट भरून पुढे जाता येतं.

आम्ही ठाण्याला कोर्ट नाक्यावरून स्टॅम्प पेपर घेतला, तेव्हा ₹100 चा चालत होता. ऑक्टोबर 2024 पासून महाराष्ट्रात अशा करारांना किमान ₹500 चा लागतो, जुना शंभराचा कपाटात असेल तर त्यावर लिहू नका. पेपर दोघांपैकी एकाच्या नावावर घ्यायचा, आणि त्यावरची विक्रीची तारीख सहीच्या तारखेनंतरची नसावी. नोटरी केली तर बरं, नाही केली म्हणून करार खोटा ठरत नाही. साक्षीदार दोन: एक माझा मित्र, दुसरे भावाचे सख्खे काका. त्याच्या बाजूचा एक मोठा माणूस साक्षीला असला की पुढे सगळं सोपं जातं, हे नंतर कळलं.

मजकूर एक पानाच्या आत बसला. वकिली मराठीची गरज नाही. आमच्या कागदातला मुख्य भाग असा होता:

"मी, [घेणाऱ्याचे पूर्ण नाव, वय, पत्ता, पॅन], यांनी [देणाऱ्याचे पूर्ण नाव, वय, पत्ता, पॅन] यांच्याकडून घराच्या डिपॉझिटसाठी ₹1,50,000 (अक्षरी रुपये एक लाख पन्नास हजार) उसने घेतले. ही रक्कम दिनांक 12/06/2023 रोजी एनईएफटीने माझ्या [बँक, खाते क्रमांक] या खात्यात जमा झाली, व्यवहार क्रमांक [..]. या रकमेवर व्याज नाही. मी ती दरमहा ₹6,000 प्रमाणे 25 हप्त्यांत, दर महिन्याच्या 10 तारखेला, पहिला हप्ता 10/08/2023 व शेवटचा 10/08/2025 या दिवशी, त्यांच्या [बँक, खाते क्रमांक] या खात्यात भरीन. भाड्याचे घर मुदतीआधी सोडल्यास मिळालेल्या डिपॉझिटमधून बाकी रक्कम सात दिवसांत देईन. सलग दोन हप्ते चुकल्यास आम्ही दोघे भेटून बाकी रक्कम व नवे हप्ते लेखी ठरवू."

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम घातली. डिपॉझिटचं वाक्य नसतं तर पैसा दुसऱ्या मालकाकडे फिरला असता. आणि दोन हप्ते चुकल्यावर भेटायचं, हे आधीच लिहिलेलं असलं की भेटीसाठी केलेल्या फोनला तगाद्याचा वास येत नाही. छापील नमुन्यांत "एक हप्ता चुकल्यास संपूर्ण रक्कम तात्काळ देय" असं असतं. बँकेला ते ठीक आहे. भावाबरोबर तेच लिहिलं तर पहिल्याच चुकीला सगळ्या रकमेवर दावा लावायच्या मुदतीचं घड्याळ सुरू होऊ शकतं, आणि आपण नसलेल्या घाईत सापडतो.

मूळ कागद माझ्याकडे, झेरॉक्स त्याच्याकडे, आणि फोटो बायकोच्या मोबाइलमध्ये.

तीन वर्षांचं घड्याळ

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. उसन्या पैशांसाठी दावा लावायची मुदत तीन वर्षं असते. पण ती मोजायची कुठून? परतीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, हप्ते असतील तर प्रत्येक हप्त्याच्या तारखेपासून. आणि "मागशील तेव्हा देईन" असं ठरलं असेल तर पैसे दिले त्या दिवसापासून. मागितले त्या दिवसापासून नव्हे! संकोचाने चार वर्षं मागितलेच नाहीत, असे कितीतरी भले लोक पाचव्या वर्षी वकिलाकडे जातात आणि मुदत केव्हाच संपल्याचं ऐकून परत येतात.

घड्याळ पुन्हा शून्यावर आणायचा उपाय आहे. मुदत संपण्याआधी घेणाऱ्याने "एवढी रक्कम मी देणे लागतो" असं लिहून सही केली, तर सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. थोडे पैसे भरले आणि ते भरल्याची त्याने स्वतः लिहून वा सही करून नोंद दिली, तरी तसंच. नुसत्या यूपीआयच्या जमेवर विसंबू नका, वर्षातून एकदा सही घ्या. व्हॉट्सॲपचे मेसेज जपून ठेवा, पुरावा म्हणून ते आधाराला येतात. पण कोर्टात द्यायचे तर सोबत ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मेसेज कोणी केला इथपासून वाद सुरू होऊ शकतो. कागदावरच्या सहीला ती कटकट नाही.

हप्ता थांबला तेव्हा

सात हप्ते घड्याळासारखे आले. ऑगस्टपासून फेब्रुवारी 2024 पर्यंत ₹42,000. मार्चचा आला नाही. एप्रिलचाही नाही. भावाने फोन उचलणं कमी केलं, घरच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग पाठवणं बंद केलं. पैसे अडकल्याची ही पहिली खूण, बऱ्याचदा हप्ता चुकण्याच्याही आधी दिसते. घरच्या एका साखरपुड्याला आला नाही, तब्येतीचं कारण सांगितलं. मी समजलो.

इथे मी एक चूक केली. कागदात लिहिलेलं असूनही सहा महिने भेटलो नाही. मला वाटलं, लाजतोय, जरा वेळ देऊ. त्याला वाटलं, दादा रागावलाय. शेवटी नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या फराळाला साक्षीदार काकाच त्याला घेऊन आले. कंपनीने त्याला कमी केलं होतं, चार महिने घरी होता, आणि आता तुर्भ्याला कमी पगारावर लागला होता. ₹6,000 झेपणार नव्हते. जुना हप्ता रेटला असता तर दोन महिने देऊन तो पुन्हा गप्प झाला असता. बाकी ₹1,08,000 होती. ₹4,000 चे 27 हप्ते, डिसेंबर 2024 पासून. तिथेच वहीच्या पानावर लिहिलं:

"12/06/2023 च्या कराराने घेतलेल्या ₹1,50,000 पैकी मी आजवर ₹42,000 दिले असून ₹1,08,000 देणे बाकी आहे, हे मला मान्य आहे. ही रक्कम 10/12/2024 पासून दरमहा ₹4,000 प्रमाणे 27 हप्त्यांत देईन."

खाली तारीख, सही, काकांची साक्ष. पाच मिनिटांचं काम. पण थकलेल्या हप्त्यांसकट सगळ्या बाकीला त्या दिवसापासून नवी मुदत मिळाली, आणि भाऊ सही करून उठला तेव्हा मोकळेपणाने दुसरी चकली मागत होता.

समजा तो आलाच नसता, सही द्यायलाही तयार नसता, तर? मुदत संपायला सहा महिने उरलेले असताना वकिलामार्फत नोटीस, आणि उत्तर नाही आलं तर दिवाणी दावा. लेखी करार असल्याने झटपट निकालाच्या पद्धतीचा दावा लावता येतो. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करून बघावा, फी नसते आणि समोरासमोर बसवतात. पोलिसांत जाऊन फारसं काही होत नाही. पैसे परत न करणं म्हणजे आपोआप फसवणूक होत नाही, घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. आणि हे सगळं करायचं की नाही, तेही आकड्यावर ठरतं. माझी रक्कम आधीच खर्ची टाकलेली होती, त्यामुळे दीड लाखासाठी मी कोर्टाची पायरी चढलो नसतो. पाच दिले असते तर चढावीच लागली असती, आणि मावशीचं घर कायमचं तुटलं असतं.

सही न देणाऱ्याला पुन्हा उसने द्यायचे नाहीत, हेही तेव्हाच ठरवून टाकलं. सही देणाऱ्यालाही जुनी बाकी फिटेपर्यंत नवीन नाही. मार्च 2025 मध्ये भावाने मुलाच्या फीसाठी वीस हजार मागितले. मी उसने दिले नाहीत. पाच हजार दिले आणि सांगितलं, हे परत करायचे नाहीत, हे वहीत नाहीत.

नोव्हेंबर 2025 पर्यंत ₹4,000 चे बारा हप्ते आले. दोनदा 10 ची 18 तारीख झाली, पण आले. मग पुन्हा त्याच पानाखाली एक ओळ वाढली, "बाकी ₹60,000", आणि सही. घणसोलीची जागा अजून तीच आहे. मालक डिपॉझिट वाढवून मागतोय म्हणे.